चादर की पलंगपोस

वैजयंती देवस्थळी दिल्लीत जन्मली आणि दिल्लीतच वाढली. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते. नव्वदनंतर नोएडात नवे सेक्टर उभे राहू लागले, तेव्हा त्यांनी तिथे फ्लॅट घेतला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, असंच सगळं आयुष्य गेलं. चाळिशीला आलेली वैजयंती आता नोएडातल्याच एका ऑनलाइन दुकानाच्या ऑफिसात काम करायची. वस्तूची माहिती इंग्रजीत आणि मराठीत लिहायची. माप, वजन, कापड, नग, धुण्याची सूचना, यांत दोन्हीकडे तसूभरही फरक चालत नसे. आकड्यांत तिचा हात कुणी धरू शकत नसे.

मग अक्षया आली. बार्शीची मुलगी, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी दिल्लीत राहणारी, खर्चाला हातभार म्हणून अर्धवेळ लिहिणारी. पहिल्याच आठवड्यात दुपारी सगळे डबे उघडत असताना टीमचे प्रमुख उल्हास सर तिचं लिखाण मोठ्याने वाचू लागले.

"ऐका जरा. 'पोळी टम्म फुगेल असा जाड बुडाचा तवा.' बिल्कुल आई बोलल्यासारखं वाटतं, यार." मग वैजयंतीकडे वळून म्हणाले, "तुमचं चुकत नाही हो, पण सरकारी पत्रक वाचल्यासारखं वाटतं."

सगळे हसले. वैजयंतीही हसली आणि डबा अर्धाच खाऊन बंद केला.

त्या दिवसापासून अक्षयाचं सगळंच तिला खुपू लागलं. फोनवर आईशी बोलताना तिचं खळखळून हसणं खुपायचं. "ताई" म्हणत खुर्ची ओढून जवळ बसणं खुपायचं. सगळ्यात जास्त खुपायचे ते तिचे शब्द. एकदा पानिपतच्या एका विक्रेत्याचा माल आला: दुहेरी पलंगाची बेडशीट आणि उशीची दोन कव्हरं. अक्षयाने लिहिलं, 'सुती पलंगपोस, सोबत दोन अभ्रे.' अभ्रा म्हणजे काय, ते वैजयंतीला ठाऊक नव्हतं. तिने स्क्रीन जराशी वळवून गुपचूप अर्थ शोधला. उशीची खोळ. आपल्याच भाषेतला शब्द आपल्याला चोरून शोधावा लागावा, याने ती आतल्या आत जळली.

मजकूर तपासायचं काम तिच्याकडेच होतं. पुढच्या ओळीत तिला खरी चूक सापडली. अक्षयाने लिहिलं होतं, 'रंग पक्का.' इंग्रजीत मात्र पहिल्या धुण्यात थोडा रंग जाईल, वेगळं धुवा, असं स्पष्ट होतं.

"हे कुठून आणलंस?" तिने विचारलं.

"वाचायला बरं वाटतं म्हणून, ताई."

"बरं वाटण्यासाठी दुकानाने न दिलेलं वचन द्यायचं नाही."

अक्षयाने मान खाली घालून ती ओळ बदलली. वैजयंतीला गोड वाटलं, आणि त्या गोडीतच तिचा हात पुढे गेला. 'पलंगपोस' खोडून तिने 'चादर' केलं. दिल्लीत तिच्या घरी पलंगावर चादरच अंथरत. इतका जुनाट शब्द कशाला हवा, असं तिने स्वतःला सांगितलं. अक्षयाला मात्र विचारलं नाही.

थंडीच्या तोंडावर माल परत येऊ लागला. पुण्याहून, नगरहून, साताऱ्याहून. उल्हास सरांनी दोघींना बोलावलं.

"लोक म्हणतायत, चादर फार पातळ आहे, अंगावर घेऊन ऊब येत नाही. आकडे तर दोन्हीकडे सेम आहेत. मग हे अंगावर घ्यायचं कुठून आलं?"

अक्षया हळूच म्हणाली, "सर, आमच्याकडे चादर म्हणजे पांघरायची. सोलापुरी चादर असते ना, तशी. अंथरायचा तो पलंगपोस."

"मग चादर का लिहिलंस?"

अक्षयाने वैजयंतीचं नाव घेतलं नाही. तिने वैजयंतीकडे पाहिलंही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं वैजयंतीला वाटलं. अक्षयाचा हा समंजसपणासुद्धा तिला सहन होईना.

"तो शब्द माझा आहे," वैजयंती म्हणाली. "तिचा पलंगपोसच होता. मी बदलला, न विचारता."

सर म्हणाले, "यापुढे दोघींनी शेजारी बसून लिहायचं. आकडे आणि सूचना तुम्ही बघा, वाक्यं अक्षया बघेल. एकमेकींना दाखवल्याशिवाय साइटवर काही चढवायचं नाही."

तसं सुरू झालं. परत येणारा माल कमी झाला. अक्षयाच्या हातून पुन्हा जास्तीचं वचन गेलं नाही, आणि वैजयंतीच्या वाक्यांतून 'सदर' आणि 'निर्मित' हळूहळू गळाले.

एकदा कापूस भरलेल्या पातळ पांघरुणाला शब्द हवा होता. वैजयंतीला आजीचा शब्द आठवला. "दुलई," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी तिला ऊर भरून आल्यासारखं वाटलं.

"किती छान, ताई," अक्षया म्हणाली. "पण आता थोड्याच लोकांना कळेल. पातळ रजई म्हणूया का?"

वैजयंतीने तसं टाइप केलं. पोरीचं म्हणणं बरोबर होतं. तिला ते पटलं होतं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं.