नंबर वाढवून द्या

बाजाराच्या मागच्या गल्लीत, कुलूपवाला आणि शिंपी यांच्यामध्ये अंग चोरून उभं असलेलं चष्म्यांचं एक दुकान आहे. मालकांना सगळी गल्ली ‘नंबरवाले’ म्हणते. डोळे तपासण्याचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस, पण खोड अशी की समोरचा डोळे बारीक करून पाटी वाचायला लागला की हे आतूनच त्याचा नंबर ओरडणार. लग्नाच्या बोलण्यांत त्यांनी भावी सासऱ्यांचा नंबर सांगून टाकला होता, हे त्यांची बायको अजून ऐकवते.

एक वाक्य मात्र त्यांच्या घशात अडकतं. ‘चष्म्याने काही होणार नाही.’ चष्मेवाल्याने असं म्हणायचं म्हणजे कुलूपवाल्याने ‘दार उघडंच टाका’ म्हणण्यासारखं. त्यात समोरचा माणूस मोठ्या आशेने आलेला असतो, आणि त्याला तसंच परत पाठवायचं नंबरवाल्यांच्या अगदी जिवावर येतं.

त्या दुपारी एक मावशी आल्या. हातात काठी नव्हती, पण पायरी त्यांनी आधी चपलेने चाचपली. खुर्चीत बसल्या आणि पिशवीतून चार चष्मे काढून काउंटरवर मांडले.

“हे सगळे कुचकामी. नंबर देताना हात आखडता घेतात मेले. तुम्ही चांगला भरपूर वाढवून द्या.”

“भरपूर म्हणजे किती, मावशी?”

“असेल तेवढा.”

नंबरवाले हसले. तपासणीची जड चौकट त्यांनी मावशींच्या नाकावर बसवली आणि काचा बदलून पाहिल्या. फळ्यावरची वरची मोठी अक्षरंच जेमतेम लागत होती, तीही मान इकडेतिकडे करून. मग त्यांनी बारीक भोकं पाडलेली काळी चकती चौकटीत सरकवली. दोष नंबराचा असेल तर अशा भोकातून अक्षर थोडं तरी उजळतं. मावशी म्हणाल्या, “आता तर होतं तेही गेलं.”

म्हणजे दोष नंबराचा नव्हता. नंबरवाल्यांनी काचांची पेटी मिटली. त्यांनी चौकोनी रेघांचा कागद पुढे धरला, मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं.

“ठिपका कुठाय? मधे कुणीतरी अंगठा ठेवल्यासारखं दिसतंय. आणि रेघा वाकड्या का छापल्यात? आमच्या दाराची चौकटही अशीच वाकलीय. मी सुताराला नाही नाही ते बोलले.”

“मोठ्या डॉक्टरांना दाखवलंत?”

“दाखवलं की. दोन्ही पडद्यांवर मधोमध जुना व्रण आहे म्हणाले. डोळ्यात सुई देऊन उपयोग नाही, औषधाने काही होणार नाही.” मावशी पुढे झुकल्या. “म्हणजे आता चष्म्यानेच व्हायला हवं ना?”

गाठ इथे होती तर. डॉक्टर एक बोलले, मावशींनी त्यातून आपल्याला हवं ते दुसरं काढलं, आणि त्या आशेवर चार दुकानं पालथी घातली. कुणी त्यांना खरं सांगितलं नाही. नंबरवाल्यांना त्या चारही दुकानदारांचा राग आला, आणि आपणही पाचवा चष्मा विकून मोकळे होऊ शकतो याची लाजही वाटली.

“मावशी, तुमचा चष्मा बरोबर आहे,” ते हळू म्हणाले. “चारांतला हा निळ्या दांडीचा. चष्मा म्हणजे खिडकीची काच. ती पुसली की बाहेरचं स्वच्छ दिसतं. पण डाग आतल्या भिंतीवर असला तर काच कितीही पुसा, डाग तिथेच. नंबर वाढवला तर लांबचं सगळं आणखी धुरकट होईल आणि डोकं दुखेल.”

मावशी चष्मे एकेक करून पिशवीत भरायला लागल्या. आता त्या उठणार, हे नंबरवाल्यांनी ओळखलं.

“थांबा. मला एवढंच सांगा, नंबर वाढला असता तर आधी काय बघणार होतात?”

“ह्यांचं तोंड,” मावशी म्हणाल्या.

मग सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी यजमानांना झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. समजतं सगळं. हो म्हणायचं असलं की डाव्या हाताने मावशींचं बोट दाबतात, नाही म्हणायचं असलं की सोडतात.

“पण नुसत्या हो-नाहीवर संसार होतो का? दुखतंय की रुसलेत, की माझी थट्टा चाललीय, ते सगळं तोंडावर असतं. बघायला जावं तर तोंडाच्या जागी धूर, म्हणून माझी नजर त्यांच्यावर ठरत नाही. आता तेही माझ्याकडे बघेनासे झालेत. त्यांना वाटतं, हिला कंटाळा आला.”

नंबरवाल्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. व्रण पुसायची विद्या त्यांच्याकडे नव्हती, कुणाकडेच नव्हती. पण मावशींना नंबर नको होता, चेहरा हवा होता. आणि डाग तर फक्त मधोमध होता, कडेची नजर शाबूत होती.

त्यांनी खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ घेतली. दिवा मावशींच्या पाठीमागून स्वतःच्या तोंडावर पाडला.

“माझं डोकं म्हणजे घड्याळ समजा. आता माझ्याकडे बघू नका, बाराच्या जागी बघा. काही दिसतं? बरं, आता एकवर. दोनवर.”

दोनवर मावशींनी मान तिथेच रोखली. “अगंबाई. तुम्हाला मिशी आहे होय.”

“पुसट दिसेल. कडेच्या नजरेला मधल्याइतकी धार नसते. पण दिसेल. डोळे तिथेच धरून ठेवायला शिकायचं, रोज थोडं थोडं. आणि रेघा याहून वाकल्या किंवा डाग वाढला तर वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं.”

“म्हणजे नवऱ्याकडे वाकड्या नजरेने बघायचं,” मावशी म्हणाल्या. “या वयात.” त्या हसल्या.

संध्याकाळी दुकान बंद करून नंबरवाले तसाच दिवा लावून द्यायला मावशींच्या घरी गेले. यजमान पलंगावर उशीला टेकून बसले होते. नंबरवाल्यांनी दिवा मावशींच्या पाठीमागे लावला, उजेड यजमानांच्या तोंडावर घेतला. मावशी जवळ सरकल्या, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि त्यांच्या कानावरून मागच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

यजमानांनी एक क्षण वाट पाहिली. बायको आपला हात धरून भिंतीकडे बघतेय, एवढंच त्यांना दिसलं. त्यांचे ओठ डावीकडे ओढले गेले आणि त्यांनी तोंड फिरवलं. नंबरवाल्यांना चटका बसला. ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्यालाच सांगायचं राहिलं होतं.

“तोंड का फिरवलंत?” मावशी म्हणाल्या.

यजमान थिजले. हळूहळू तोंड परत वळलं.

“रडताय कशाला? दिसतंय मला.”

“काका,” नंबरवाले घाईने म्हणाले, “मावशी भिंतीकडे बघतात ना, तेव्हाच त्यांना तुम्ही दिसता. सरळ बघितलं की दिसत नाही.”

यजमानांनी मावशींचं बोट दाबलं. मग डावी भुवई वर चढवली, अगदी हळू, मुद्दाम.

“चावटपणा पुरे,” मावशी म्हणाल्या.

पण यजमानांचे डोळे एका जागी ठरेनात. ते मावशींची नजर शोधत होते. बाजूला जाणारी नव्हे, समोरासमोरची, जन्मभराच्या सवयीची. खाली वाकून, मान वाकडी करून ते त्या नजरेच्या वाटेत यायला बघत होते, आणि ते जितके वाटेत येत तितके पुसले जात. मावशी नजर आणखी बाजूला नेत, ते आणखी वाकत. नंबरवाले हे सगळं बघत होते, आणि यावर कुठली काच नाही हे त्यांना ठाऊक होतं.

शेवटी मावशींनी भिंत सोडली. सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

“आता दिसत नाही हो तुम्ही,” त्या म्हणाल्या.

पण यजमान आता हलत नव्हते. त्यांनी बायकोचं बोट घट्ट धरलं होतं आणि वर्षभराने तिच्या नजरेला नजर देत होते. मावशींना तो हात कळत होता. नंबरवाले ‘दोनवर बघा’ म्हणायला तोंड उघडणार होते, ते त्यांनी मिटलं.

मावशी समोरच्या धुराकडे बघत राहिल्या, यजमानांसाठी.