शिवणवाल्या मावशींच्या नवऱ्याचं तैलचित्र

शिवणवाल्या मावशींचा नवरा वारला आणि गल्लीला शांत झोप लागू लागली, इतका त्याचा तोंडाचा पट्टा! भिंतीसाठी त्याचं चित्र हवं म्हणून मावशी मुलासोबत स्टुडिओत गेल्या. स्टुडिओवाल्याने कपाळभर आठ्यांचा फोटो एआयला दिला आणि लिहिलं, ‘तैलचित्र, डावीकडच्या खिडकीतून मऊ उजेड, ८५ मिमी लेन्स, मागचं धूसर.’ मग तो थांबला.

“मावशी, भाव काय लिहू? काकांचा मूळचाच ठेवू?”

“मूळचा पुष्कळ सोसला. प्रेमळ लिही.”

चित्रातल्या आठ्या गेल्या, डोळे निवले, ओठांवर हसू आलं. मावशी बघतच राहिल्या.

मुलगा चिडला, “आई, हे बाबा नाहीतच!”

“म्हणून तर भिंतीवर लावतेय,” मावशी म्हणाल्या.