अमीनसाहेबांचं वाक्य

भोकरदनच्या शाळेत कडूबा मास्तर इंग्रजी शिकवत. १९४८च्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी शिकायला अजमत येऊ लागला. तो निजामाच्या पोलीस ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार. बढतीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. तो आला की गल्लीतली दारं लागत. मास्तरांची बायको तुळजाबाई तांब्या ठेवून आत जायची, ती बाहेर यायची नाही.

तिला भीती होती. आठच दिवसांपूर्वी सरहद्दीपलीकडच्या कॅम्पातली, निजामाविरुद्ध लढणारी दोन माणसं त्यांच्याकडे जेवून गेली होती.

त्या दुपारी वाक्यं बदलून लिहायची होती.

"He told you, त्यानं तुमाला सांगितलं," मास्तर म्हणाले. "कुणी म्हणलं, न्हाई सांगितलं, तर ठासून म्हणायचं, He did tell you. सांगितलंच. भूतकाळ did नं घेतला, म्हणून told चं परत tell."

"आन् हुकमात?"

"Sit down, बसा. Do sit down, बसा ना. असा do लावला की नुसता हुकूम न्हाई राहत, आग्रह होतो."

अजमतनं वहीत स्वतःचं एक वाक्य लिहिलं आणि वही पुढे सरकवली.

You did gave them food.

तुम्ही त्यांना जेवू घातलंच. मास्तरांनी लाल पेन्सिल उचलली. मग त्यांनी gave खोडून give लिहिलं. आपण चूक दुरुस्त केली की कबुली दिली, त्यांनाच कळेना.

"आता बराबर?"

"व्याकरण बराबर हाय."

"पण नाकारलं तरच did लागतो म्हणले. तुमी तर न्हाई म्हणलेच न्हाई."

"कुणी विचारलंच न्हाई, साहेब."

"उद्या विचारतील. विचारणारा मी नसंल." आवाज चढला नाही, उतरलाही नाही. अजमतनं खाली Go लिहिलं. थांबला. त्याच्या आधी Do घातला, पान फाडून मास्तरांसमोर ठेवलं आणि टोपी उचलून निघून गेला.

मास्तर पानाकडे बघत बसले. ही धमकी होती की सापळा? पळालं तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.

तुळजाबाई चौकटीत आली. "काय लिव्हलंय?"

"जा ना, असं."

"आग्रह म्हणले ना तुमी? मंग उठा."

दिवस मावळायच्या आत दोघं सरहद्दीपलीकडच्या बुलढाण्याच्या वाटेला लागले. दुसऱ्या दिवशी निजामाच्या हत्यारबंद माणसांनी त्यांचं दार फोडलं, पुस्तकं अंगणात जाळली.

निजामाचं राज्य गेल्यावर ते परतले. अजमतच्या घरी त्याची बायको शहाजादी एकटीच होती. मास्तर गाव सोडून गेले त्याच आठवड्यात त्याच्याच लोकांनी त्याला चौकशीला नेलं होतं.

"जालन्याला नेलं म्हणले. मंग कुणी काहीच बोललं न्हाई," ती म्हणाली.

मास्तरांनी तिच्या वतीनं नव्या सरकारला इंग्रजीत तीन अर्ज लिहिले. एकाचंही उत्तर आलं नाही.