उजव्या खांद्यावरचा पदर

बिल्डरांचे न बांधलेले फ्लॅट संगणकावर फिरवून दाखवणं हा माझा धंदा. म्हणून ठाण्याच्या नौपाड्यातली पाडलेली शाळा इंटरनेटवर उभी करायचं काम माजी विद्यार्थ्यांनी माझ्या गळ्यात घातलं. नवरा त्या शाळेतला, मी डोंबिवलीची. मी ती कधी पाहिलीसुद्धा नव्हती. हाताशी मंजूर नकाशाची झेरॉक्स आणि लोकांनी पाठवलेले जुने फोटो. नकाशावरून भिंती उभ्या करायच्या, प्रत्येक फोटो कुठे उभं राहून काढलाय ते शोधायचं, फोटोतले रंग भिंतींवर चढवायचे, मग जागोजागची चहूबाजूंची दृश्यं बाणांनी जोडायची.

घोडं अडलं जिन्यापाशी. नकाशात जिना दारातून शिरल्यावर डावीकडे, आणि त्याच्या एकुलत्या एका फोटोत उजवीकडे. नवऱ्याला विचारलं, तर म्हणे, "जिना होता खरा." फोटोत जिन्यापाशी एक बाई उभ्या होत्या, पदर उजव्या खांद्यावर. झालं, निगेटिव्ह उलटी स्कॅन केलीय! फोटो फिरवला, नकाशाशी बरोबर जुळला. स्वतःवर एवढी खूश झाले की विचारू नका.

शाळेच्या जुन्या शिपाई मावशी कळव्याला राहतात. त्यांना कौतुकाने घरी बोलावलं. लेकीचा हात धरून आल्या, पडद्यासमोर बसल्या, बाण दाबत आत शिरल्या.

"छान आहे गं. पण ही आपली शाळा नाय."

माझं डोकंच फिरलं. "अहो मावशी, नकाशा आहे माझ्याकडे."

"नकाशाप्रमाणे बांधतंय कोण? जिना उजवीकडं होता. आणि ह्या बाई गुजराती. पदर उजव्याच खांद्यावर घ्यायच्या." मग हळूच म्हणाल्या, "जिन्याखाली आमची खोली होती. ही तिथंच जन्मली. पण हिला आठवत नाय, आणि फोटो कुणी काढला नाय."

लेक खाली बघत होती. मला माझीच लाज वाटली.

जिना उजवीकडे हलवला. खोलीचं काय? ना नकाशात, ना फोटोत. पुराव्याशिवाय वीटही लावायची नाही हा माझा हट्ट. पण मावशींनी उठून माझ्या हॉलमध्ये पावलांनी खोली मोजून दाखवली: इथे चूल, इथे पाळणा, इथे वाकायचं नाहीतर डोकं आपटायचं. तो हट्ट गेला चुलीत. ज्या भिंतीचा रंग फोटोत सापडत नाही ती मी राखाडी ठेवते, तशी राखाडी खोली बांधली आणि दारावर पाटी लावली: 'सांगण्यावरून'.

पुढच्या खेपेला मावशींनी ती अक्षरं लावून वाचली.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"तुमच्याच की."

"मग माझं नाव लिही ना."

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग लेकीला जवळ ओढून म्हणाल्या, "चल, आत ये. वाकून ये."