तोंडी ट्रक थांबत नाही

कुरकुंभच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले, तेव्हा मला अ‍ॅसिडपेक्षा तिथल्या साहेबांच्या लाल पेनाची भीती जास्त वाटायची. आम्हा नव्या पोरापोरींचा प्रत्येक मेल ते छापून घेत, खुणा करत आणि टेबलावर ठेवून जात. ‘आय हॅव सेंट यस्टरडे’मधला ‘हॅव’ खोडलेला असायचा; काल म्हटलं की साधा भूतकाळ. ‘आय अ‍ॅम हॅविंग डाउट’चं ‘आय हॅव अ क्वेश्चन’ व्हायचं. ओळीच्या शेवटी सांडलेल्या पाच टिंबांतलं एकच जगायचं. आणि ‘काइंडली डू द नीडफुल’शेजारी कायम एकच प्रश्न: नेमकं काय करू?

सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही, ते साहेबच ठरवणार होते. इकडे इनामगावात आप्पांनी आधीच पेढे वाटून टाकलेले. बापाच्या उत्साहाला कोण आवर घालणार?

एका दुपारी घोळ लक्षात आला. मालात पाणी किती आहे ते मोजणारं यंत्र कमी आकडा दाखवत होतं, आणि त्याच यंत्रावर मी सकाळी एक माल पास केला होता. यंत्र नीट करून पुन्हा तपासलं, तर पाणी मर्यादेच्या वर. ड्रम ट्रकात चढलेले. साहेब मीटिंगमध्ये, फोन बंद. मी माल पाठवणाऱ्या मामांना फोन लावला.

“मॅडम, तोंडी ट्रक थांबत न्हाई,” मामा म्हणाले. “मेल टाका, तवाच गेटवाला आडवतोय. आन् बिगी बिगी टाका, डायवर दोरी आवळतोय.”

मी लिहायला बसले. ‘आय हॅव टेस्टेड इन मॉर्निंग’. खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. ‘काइंडली’ ठेवू की काढू? खिडकीतून ट्रकचं इंजिन ऐकू आलं. हा माल औषधात जाणार होता, आणि मी बसले होते काळ जुळवत! स्वतःचाच संताप आला. विषयाच्या रिकाम्या जागेत तर इंग्रजी शब्दच सुचेना. शेवटी इंग्रजी अक्षरांत ‘ट्रक थांबवा!!’ असं मराठीच ठोकलं आणि मेल सोडला.

ट्रक गेटवर थांबला. ड्रम उतरले. मला मात्र रात्रभर झोप नाही. ग्राहक कंपनीलाही प्रत जाणारा मेल, आणि त्यात असलं इंग्रजी. नोकरी गेलीच म्हणायची.

सकाळी टेबलावर कागद होता. मी आधी त्यावर पर्सच ठेवली. मग धीर करून ती उचलली. ‘हॅव टेस्टेड’चं ‘टेस्टेड’ झालेलं. टिंबं कापलेली. ‘नीडफुल’च्या जागी ‘प्लीज अनलोड द ड्रम्स’. सगळा कागद लालेलाल.

फक्त विषयाची ओळ तशीच होती, दोन्ही उद्गारचिन्हांसकट. तिला साहेबांनी पेन लावलं नव्हतं.