संयोगिताकाकूंचा माइक

कसबा बावड्याच्या संयोगिता इंगवले यांनी सव्वीस वर्षं एसटी स्टँडवर नोकरी केली. चौकशी खिडकीच्या मागच्या खोलीत त्यांची खुर्ची होती, पुढ्यात माइक होता आणि भिंतीवर गाड्यांचा तक्ता. कागल, निपाणी, जयसिंगपूर, गारगोटी, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली हे त्या सांगायच्या आणि स्टँडभरची माणसं बोचकी उचलून त्या दिशेनं निघायची. आवाज खणखणीत, शब्द सुटे. घाईत कधी बोलल्या नाहीत. गाडी उशिरा येणार असली की तेही अशा शांतपणे सांगायच्या, की चिडलेला माणूससुद्धा परत बाकावर टेकायचा.

निवृत्त झाल्या आणि वर्षभरातच गळ्याला गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल, थोडा वेळ द्या. आवाज आला, पण पहिला नव्हे. जाडा, खरखरीत, वाक्याच्या शेवटाला खाली बसणारा. काकूंनी मग बोलणंच आवरतं घेतलं. भजनी मंडळात त्या टाळ धरायच्या, ओठ हलवायच्या. दारावरून भाजीवाली गेली तर हाक मारायला नवऱ्याला पुढं करायच्या. नवऱ्याला सगळी गल्ली आण्णा म्हणायची, काकूही तेच म्हणायच्या.

पुण्याला नोकरीला असलेल्या राजवीरनं, त्यांच्या मुलानं, आपला जुना कॉम्प्युटर घरी आणून ठेवला आणि आईला ट्रक चालवायचा एक गेम लावून दिला. दोन दिवस खेळून कंटाळेल असं त्याला वाटलं होतं. काकू कंटाळल्या नाहीत.

"सव्वीस वर्सं गाड्या सोडल्या," त्या आण्णांना म्हणाल्या, "चालवली एकबी न्हाय."

चार महिन्यांत त्यांचा हात असा बसला, की चाळीस फुटी ट्रेलर उलटा घेऊन गोदामाच्या दाराला बरोबर लावायच्या. मग इंटरनेटवर मराठी खेळणाऱ्यांचा एक गट सापडला. दर रविवारी सकाळी दहाला सगळे मिळून ताफा काढायचे. म्होरक्या जयसिंगपूरचा विश्वजित, खऱ्या आयुष्यात टेम्पोवर ड्रायव्हर. सुट्टीच्या दिवशी हा माणूस करमणूक म्हणून पुन्हा ट्रकच चालवायचा. गेममध्ये एक बटण दाबून धरलं, की आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं. काकूंना हेडफोनमधून सगळ्यांच्या गप्पा, शिव्या, खोकला, मागची कुकरची शिट्टी, सगळं ऐकू यायचं. त्यांचं मात्र कुणाला काहीच ऐकू जात नव्हतं.

पहिल्या रविवारी त्यांनी बटण दाबून "नमस्कार" म्हटलं. कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्यांदा जरा जोर लावला. तेवढ्यात स्क्रीनवरचं त्यांचं नाव वाचून विश्वजित म्हणाला, "ते आपलं एस इंगवले पावणं लई शांत हाईत बगा. बोला की पावणं." काकूंनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या मनानं घेतलं, की आपला आवाज आता यंत्रालासुद्धा ऐकू जाण्याच्या लायकीचा राहिला नाही.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. राजवीरलाही नाही. एका बोटानं टाइप करून त्या "हो" आणि, बावड्याकडच्या बायका म्हणतात तसं, "आलो" एवढं लिहायच्या. असे सहा रविवार गेले. गटात सगळे त्यांना पावणं म्हणायला लागले. हा कुणी लाजरा बाप्या असावा असं सगळ्यांनी धरून टाकलं.

सातव्या रविवारी रूपाली आली. गल्लीच्या तोंडाला तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. आण्णांनी प्रिंटर बघायला तिला बोलावलं होतं. प्रिंटरमधला अडकलेला कागद काढून ती हात पुसत बाहेर आली, तर काकू स्क्रीनपुढं बसलेल्या आणि स्पीकर लावल्यासारखा गलका हेडफोनच्या बाहेरपर्यंत येत होता.

"काकू, तुमी ताफ्यात खेळता?" रूपालीनं खुर्ची ओढली. "मग बोलत का न्हाय?"

"माजा आवाज जात न्हाय गं त्याला. ऑपरेशनपास्नं बसलाय."

रूपाली त्यांच्याकडं वळली. "काकू, तुमी आत्ता बोललासा ते मला सैपाकघरातनं ऐकू आलं असतं. माइकला काय धाड भरलीय? सरका जरा."

तिनं आवाजाच्या सेटिंगचं पान उघडलं. तिथं एक पट्टी होती. माइकमध्ये आवाज शिरला, की ती पट्टी भरते, असं ती म्हणाली. "बोला कायतरी."

काकू म्हणाल्या, "काय बोलू?"

पट्टी इवलीशी थरथरली आणि विझली. काकूंचा चेहराही तसाच झाला. "बग. म्हटलं न्हवतं?"

रूपालीनं हेडफोनच्या दांडीवरच्या माइकवर नखानं टकटक केली. पट्टी ढिम्म. परत जोरात केली. तरी ढिम्म. मग तिनं पट्टीच्या वरचं नाव वाचलं आणि विचारलं, "काकू, ह्याला कॅमेरा कुठाय?"

कॅमेरा टेबलाच्या खणात होता. राजवीरनं तो स्क्रीनवर बसवला होता, पण सारखं कुणीतरी बघतंय असं वाटतं म्हणून काकूंनी तो रुमालात गुंडाळून खणात ठेवला होता. वायर मात्र मागं जोडलेलीच होती. रूपालीनं खण उघडून रुमालावर टिचकी मारली. पट्टी एकदम काठापर्यंत भरली.

"ह्या कॅमेऱ्यात पण एक माइक असतोय. ऐकायला हेडफोन आणि बोलायला खणातला कॅमेरा, असं चाललंय तुमचं. कॉम्प्युटर दोन्ही वेगवेगळं धरतो, म्हणून तुमाला ऐकू येतंय पण तुमचं जाईना." तिनं यादीतून हेडफोनचा माइक निवडला आणि तोच कायमचा करून ठेवला. "आता बोला. स्टँडवर बोलायचा तसं."

काकूंनी दम घेतला. "निपाणीमार्गे बेळगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे."

पट्टी पाऊण भागापर्यंत उडी मारून गेली. आण्णा आत मेथी निवडत होते, ते काडी हातात घेऊनच दारात आले. काकूंच्या तोंडून असलं वाक्य त्यांनी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

रूपालीनं कॉम्प्युटरमधलं आवाज नोंदवायचं अ‍ॅप उघडून तेच वाक्य भरून घेतलं आणि काकूंना ऐकवलं. खरखर होती, पण शब्दन् शब्द सुटा होता. काकूंनी ते दोनदा ऐकलं. मग गेममध्ये जाऊन बटण दाबलं आणि म्हणाल्या, "नमस्कार मंडळी."

कुणीही काही म्हटलं नाही. विश्वजित कुणाला तरी डिझेल भरायला सांगत होता.

काकूंचा हात बटणावरून सुटला. रूपाली मात्र उलट खूश झाली. "आता सापडतंय बगा. त्या अ‍ॅपला ऐकू जातंय, गेमला जात न्हाय. म्हंजे माइक बी ठीक, गळा बी ठीक. गेमला परवानगीच न्हाय." तिनं प्रायव्हसीचं पान उघडलं, त्यात मायक्रोफोनवर गेली. तिथं एकाखाली एक बटणं होती. वरची दोन चालू. खालचं, डेस्कटॉप अ‍ॅप्सना मायक्रोफोन वापरू द्यायचा का, ते बंद.

"हे कुणी बंद केलं?"

काकूंना आठवलं आणि हसू फुटलं. "मीच की. भजनी मंडळात अंबूबाई म्हणत हुती, कॉम्प्युटर घरातलं सगळं चोरून ऐकतोय. मग मी हितं शिरलो. वरचं मोबाइलचं असंल वाटलं. आणि डेस्कटॉप म्हंजे हाच की टेबलावरचा. म्हणून तेवढं बंद केलं."

"आवो, तुमचा गेम त्यातच मोडतोय," रूपाली म्हणाली आणि तिनं बटण चालू केलं. "सहा आठवडं सवता दार लावून घेतलासा, आणि बाहेर आवाज जाईना म्हणून बसलासा." तिनं गेम एकदा बंद करून पुन्हा उघडायला लावला. चालू असलेल्या गेमला नवी परवानगी लगेच लागू होईलच असं नाही, असं ती म्हणाली.

गेम परत उघडेपर्यंत तिकडं गोंधळ माजला होता. चौदा ट्रक एका मालधक्क्यातून बाहेर पडत होते आणि फाटकात दोन ट्रेलर एकमेकांत अडकले होते. मागचे पुढं रेटत होते, सगळे एकदम बोलत होते आणि कुणाचंच कुणाला कळत नव्हतं. काकूंचा ट्रक बाजूला उंचावर होता. तिथून सगळं फाटक दिसत होतं.

त्यांनी बटण दाबलं.

"लक्ष द्या. सर्व चालकांनी आहे त्या जागी गाडी थांबवावी."

गलका चिरल्यासारखा बंद झाला.

"फाटकातली निळी गाडी, चाकं डावीकडं वळवा आणि हळू मागं या. अजून. अजून. थांबा. लाल गाडी, आता सरळ पुढं निघा. मागच्या गाड्यांनी जागा सोडू नये, तुमचा क्रमांक येईल."

निळी गाडी मागं आली, लाल गाडी निघाली. मग एकेक करत काकूंनी चौदा ट्रक बाहेर काढले, प्रत्येकाला रंगावरून हाक मारत. मधेच एका वाक्याच्या शेवटाला आवाज जरा खाली बसला. त्या घोटभर पाणी प्याल्या आणि पुढचं बोलल्या.

शेवटचा ट्रक रस्त्याला लागला तेव्हा विश्वजितनं सावधपणे विचारलं, "कोण बोललं वो हे?"

"मी. एस इंगवले. संयोगिता. बावड्याची."

"पावणं, तुमी बाई हाय?"

"जन्मापास्नं," काकू म्हणाल्या आणि हेडफोनमध्ये चौदा माणसं एकदम हसली. कागलच्या एकानं विचारलं, तुम्ही स्टँडवर होता का. कॉलेजची पाच वर्षं हा आवाज ऐकून मी गाडी पकडलीय, आवाज बदललाय, पण बोलायची तऱ्हा तीच हाय, असं तो म्हणाला. काकूंनी त्याला विचारलं, कुठली गाडी धरायचास. संध्याकाळची सव्वासातची, घरी परत जायला, तो म्हणाला. "ती नेहमी दहा मिनिटं उशिरा सुटायची," काकू म्हणाल्या, आणि तो म्हणाला, ते मला सांगू नका.

पुढच्या रविवारपासून ताफा सोडायचं काम मावशींनी करायचं, असं विश्वजितनं तिथंच ठरवून टाकलं. पावण्यांची मावशी झाली होती. काकूंनी आढेवेढे घेतले नाहीत. फक्त वेळेत यायचं, दहा म्हणजे दहा, एवढी एकच अट घातली.

दुकान उघडायला उशीर झाला तरी रूपाली उठेना. "काकू, मला बी दोन मिनिटं चालवू द्या की." काकूंनी तिला खुर्ची दिली, हेडफोन मात्र स्वतःच्या डोक्यावर ठेवला. रूपालीनं जोरात गाडी सोडली आणि पहिल्याच वळणावर टोलनाका उडवला.

"मंडळी," काकूंनी बटण दाबून सगळ्यांना कळवलं, "ही गाडी मी चालवत न्हाय. तुमी आपलं अंतर ठेवून चला." आण्णा दारात उभं राहून हसत होते आणि मेथी अर्धी निवडायची राहिली होती.