सोनेरी किड्याची पुष्टी मिळणेबाबत

एक्केचाळीस वर्षं मी चाव्या बनवतो. बनवतो म्हणजे काय, तर गिऱ्हाईक आपली चावी देतं, मी ती मशीनच्या एका पकडीत अडकवतो, दुसऱ्या पकडीत कोरी चावी लावतो आणि पहिलीचे दाते दुसरीवर उतरवतो. यात माझं असं काहीच नाही. हजारो चाव्या हातावेगळ्या केल्या, पण त्यातली एकही माझ्या डोक्यातून निघालेली नव्हती. हे रडगाणं मी अधूनमधून जेवताना लावतो. आमची ही म्हणते, "अहो, दार उघडतंय ना लोकांचं? मग झालं."

असा मी माणूस. तर एका मंगळवारी मशीनचा पट्टा तुटला आणि तो बदलायला मला मशीन भिंतीपासून पुढे ओढावं लागलं. मागचा कोपरा काही वर्षं झाडायचा राहून गेला होता. किती वर्षं, यावर आमच्या घरात एकमत नाही. त्या कोपऱ्यातून एक किडा बाहेर आला. शेंगदाण्याएवढा, पंख नसलेला, सहा पायांचा आणि नखशिखांत सोनेरी. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, पुन्हा दोन पावलं टाकायचा. मी खिळ्यांची बरणी रिकामी करून त्याच्यावर पालथी घातली, आणि त्या क्षणी माझ्या मनाने घेतलं की हा किडा जगात सर्वांत आधी मी पाहिला आहे. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाची तरी नक्कल करत नव्हतो.

शेजारच्या चष्मेवाल्याला दाखवला. त्याने भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "झुरळाला पॉलिश केलंस का रे?" मी त्याला दुकानाबाहेर काढलं. त्याचं भिंग मात्र ठेवून घेतलं.

घरी जाहीर केलं की या जातीला आपलं आडनाव लागणार. ही भाजी चिरत होती. "पुस्तकात छापून येईल?" तिने विचारलं. मी म्हटलं, येईल. ती म्हणाली, "मग त्या पुस्तकवाल्यांना कळायच्या आत तो कोपरा झाडून घ्या."

विद्यापीठात कीटकांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आहेत, त्यांचा पत्ता मी शोधून काढला. ईमेलचा विषय लिहायला मला अर्धा तास लागला: 'सोनेरी कीटकाच्या नवीन जातीच्या शोधाची पुष्टी मिळणेबाबत.' खाली लिहिलं की जातीच्या नावात माझं आडनाव कुठे बसवावं हे आपणच ठरवावं, माझा कोणताही आग्रह नाही. सोबत तेवीस फोटो जोडले. एवढं ओझं ईमेलला झेपेना, तो परत आला. मग चार हप्त्यांत पाठवले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "फोटो मिळाले. त्यातले बरेचसे अंगठ्याचे आहेत. कृपया वरून, बाजूने आणि खालून असे स्पष्ट फोटो पाठवा, शेजारी माप दिसू द्या. सापडल्याची तारीख आणि जागा कळवा. तिथे काय काम चालतं तेही लिहा. नुसत्या फोटोवरून नवी जात असल्याची पुष्टी कुणालाच देता येत नाही. पंख नाहीत, म्हणजे बहुधा हे पिल्लू आहे. त्याला हाताने धरू नका."

शेवटचं वाक्य मी शेवटी वाचलं. तोवर खालच्या फोटोसाठी किड्याला चिमटीत उताणा धरून झालं होतं आणि त्याने तोंडाची सोंड माझ्या बोटात घातली होती. तापलेली सुई खुपसल्यासारखं झालं. बोट टम्म सुजलं, पण फोटो मिळाला.

माप मी चाव्या मोजायच्या कॅलिपरने घेतलं. चौदा पूर्णांक पस्तीस शतांश मिलिमीटर. एवढं नेमकं माप त्या बाईंना कुणी पाठवलं नसेल याची मला खात्री होती. तिथे काय काम चालतं या प्रश्नापाशी मात्र मी अडलो. चावीवाल्याने नवी जात शोधली हे कोण मानणार? मी लिहिलं, 'सुरक्षाविषयक तांत्रिक काम.' लिहून झाल्यावर मला स्वतःचाच आदर वाटला.

पुढचे आठ दिवस उत्तर नाही. मी बरणीच्या झाकणाला भोकं पाडली, आत कोवळी पानं टाकली, साखरेचं पाणी ठेवलं. त्याने कशालाही तोंड लावलं नाही. नवव्या दिवशी सकाळी शटर वर केलं आणि बरणीकडे पाहिलं, तर माझा सोनेरी किडा पाठीवर उभा फाटून पडला होता. आतून पोकळ. शेजारी एक काळाकुट्ट, पंखवाला किडा निवांत बसला होता. भोकांतून आत शिरून त्याने माझ्या शोधाचा फडशा पाडला होता. मी स्टुलावर बसलो. हसू नका, पण मला रडू आलं. पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला मी मशीन बिघडलंय म्हणून परत पाठवलं.

मग रिकामं कवच चिमट्याने उचलून टेबलावर ठेवलं, फोटो काढला आणि बाईंना पाठवला. विषय: 'नवीन जातीची हत्या झालेबाबत.'

या वेळी तासाभरात उत्तर आलं.

"हत्या झालेली नाही. दोन्ही किडे एकच आहेत. पिल्लाने शेवटची कात टाकली, आता तो पूर्ण वाढला आहे. कात टाकण्याआधी ही पिल्लं खात नाहीत. तशीही पानं आणि साखर ती कधीच खात नाहीत, हा शिकारी किडा आहे. ढेकणाच्या दूरच्या नात्यातला, घराघरांत आढळणारा. अगदी नेमकी जात सांगायची तर किडा हातात घेऊन तपासावा लागेल, पण नवी जात नक्कीच नाही. याची पिल्लं लपण्यासाठी अंगाच्या चिकट केसांवर आसपासची धूळ चिकटवून घेतात. फोटोत कवचाच्या मागे एक चावी आणि पितळेचा कीस दिसतो आहे. तुम्ही चाव्या बनवता का? तसं असेल तर सोनेरी रंगाचा उलगडा होतो."

म्हणजे माझ्याच मशीनचा कचरा अंगावर घेऊन तो फिरत होता. तो कीस रोज माझ्या बाह्यांत, भुवयांत, डब्यातल्या पोळीतसुद्धा असतो, आणि मला तो ओळखू आला नाही. घरी हिने सगळं ऐकून घेतलं. आडनावाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. फक्त म्हणाली, "ढेकणाचा नातेवाईक?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतः झाडू घेऊन दुकानात आली. तिची केरसुणी कोपऱ्यात पोचायच्या आत मी काळ्याला बाहेर नेऊन कुंपणाच्या दगडांत सोडलं. चष्मेवाल्याने भिंग परत मागितलं, तेवढ्यावर त्याने मला सोडलं हे त्याचे उपकार.

मी बाईंना खरं काय ते लिहिलं. होय, मी चाव्या बनवतो. नकला करतो. आपला वेळ घेतला, क्षमा असावी.

त्यांचं उत्तर: "धूळ, वाळू, लोकर चिकटवलेली पिल्लं आमच्याकडे पुष्कळ आहेत. पितळ चिकटवलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ती कात फेकली नसेल तर संग्रहासाठी पाठवाल का? चिठ्ठीवर तारीख, जागा आणि गोळा करणाऱ्याचं पूर्ण नाव लागेल. शक्य झाल्यास अशीच आणखी एक पाठवा, म्हणजे विद्यार्थ्यांना हाताळायला देता येईल."

कात मी मोठ्या कुलपाच्या डबीत कापसावर ठेवली. चिठ्ठीवर माझं नाव आडनावासकट लिहिलं, हिच्याकडून तपासून घेतलं. मग दुसऱ्या प्रतीबद्दल उत्तर लिहायला बसलो. झाडलेल्या कोपऱ्याकडे एकदा पाहिलं आणि एक्केचाळीस वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकाला न सांगितलेलं वाक्य त्या बाईंना लिहिलं: याची दुसरी निघणार नाही.